आधी दहाच्या जोड्या

७ + ४ + ३ + ६ + ८. दुसरीतली बरीच मुलं ही बेरीज डावीकडून बोटांवर मोजत सुटतात. सातात चार मिळवताना ‘सात’ पुन्हा मोजला, की उत्तर एकाने कमी येतं.

दहाच्या जोड्या पाठ असलेलं मूल आधी सगळे आकडे न्याहाळतं. सात-तीन दहा, चार-सहा दहा, उरले आठ. झाले २८! बेरजेत क्रम बदलला तरी चालतो, म्हणून हे जमतं. वापरलेला आकडा मात्र पेन्सिलीने खोडायला सांगावा, नाहीतर तोच दोनदा धरला जातो.

जोडी नसेल तर फोड करायची. ८ + ५ मध्ये पाचातले दोन आठाला दिले, की दहा आणि तीन तेरा.

‘सहाला दहा व्हायला किती हवेत?’ यावर मूल अजून बोटं उघडत असेल, तर लांब बेरजा थांबवाव्यात. दहा मणी घ्यावेत, काही मुठीत लपवावेत आणि लपलेले किती ते विचारावं.