बायोडाटांचा गठ्ठा आणि चार रकाने

आमच्या मंडळाच्या वृद्धाश्रमासाठी नर्स हवी होती. जाहिरात दिली आणि सत्तावीस अर्ज आले. कुणाचा टाइप केलेला बायोडाटा चार पानी, तर कुणाचा आखीव कागदावर हाताने लिहिलेला. पहिल्या दिवशी आम्ही तिघीजणी नुसतं वाचत बसलो आणि संध्याकाळी लक्षात आलं, की ज्यांचा कागद छान, त्याच आम्हाला आवडल्या होत्या!

दुसऱ्या दिवशी मी वहीत रकाने आखले. नावाऐवजी अर्जाला क्रमांक दिला, म्हणजे आडनाव, ओळखपाळख आड येणार नाही. मग चारच रकाने : प्रमाणपत्र, अनुभव, येणारी कामं आणि विचारायचे प्रश्न.

प्रमाणपत्राच्या रकान्यात ‘नर्सिंग केलंय’ एवढं चालत नाही. एएनएम, जीएनएम की सहा महिन्यांचा खासगी कोर्स, हे नेमकं लिहायचं. पहिल्या दोघींची महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी होते. म्हणून नोंदणी क्रमांक आणि नूतनीकरणाची तारीखही टिपली.

खरी गंमत अनुभवाची. अर्ज क्रमांक नऊमध्ये ‘सहा वर्षं अनुभव’ होता. तारखा पाहिल्या. एका दवाखान्यात जून २०१४ ते मे २०१७, आणि घरी जाऊन रुग्णसेवा जानेवारी २०१६ ते डिसेंबर २०१८. दोन्ही तीन-तीन वर्षं, बेरीज सहा. पण मधले सतरा महिने दोन्हीकडे मोजले गेले होते! बहात्तरातून सतरा गेले, उरले पंचावन्न महिने. म्हणजे चार वर्षं सात महिने. बाई खोटं बोलली नव्हती, सकाळी एकीकडे आणि रात्री दुसरीकडे राबत होती. पण सगळ्यांना एकच माप लावायचं, तर महिना एकदाच मोजायचा.

कामांच्या रकान्यात ‘मेहनती, प्रेमळ’ असलं काही घेतलं नाही. इन्शुलिन देणं, लघवीची नळी सांभाळणं, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलणं, अशी कामं लिहिली आणि ती कुठे केली तेही. अर्जात एखादी गोष्ट नसली, तर ‘येत नाही’ असं न लिहिता ‘लिहिलेलं नाही’ असं लिहिलं. ते मग प्रश्नांच्या रकान्यात गेलं.

वही पूर्ण झाल्यावर क्रमांक एकवीसवर नजर थांबली. एएनएम, नोंदणी चालू, साठ महिने रुग्णालयात काम, नंतर मुलांसाठी खंड. खंड पडला म्हणून आधीचे महिने पुसले जात नाहीत, फक्त मधल्या काळात हात मोडला नाही ना, हे भेटीत विचारायचं. अर्ज काढून पाहिला, तर तोच आखीव कागद. पहिल्या दिवशी मीच तो बाजूला ठेवला होता.

मुलाखतीला सहाजणी बोलावल्या. मूळ प्रमाणपत्रं तेव्हाच तपासली, कारण वहीत आलं ते त्यांनी सांगितलेलं, पडताळलेलं नव्हे. एकवीस क्रमांकाच्या बाई आज आमच्याकडे रात्रपाळी सांभाळतात.