दुखत नाही, म्हणूनच पाहावे

चैत्रातील दुपार होती. साठी ओलांडलेले एक गृहस्थ दर्शन आटोपून मंदिराच्या फरसबंद प्रांगणातून अनवाणी परतले. दगड इतका तापला होता की बरोबरची नात पाय उचलत सावलीकडे पळाली. आजोबांना मात्र काहीच जाणवले नाही. तिसऱ्या दिवशी चादरीवर ओला डाग दिसला, तेव्हा तळव्यावरचा फोड फुटून गेला होता. दुखत नव्हते, म्हणून त्यांनी हळद लावून दहा दिवस काढले. दवाखान्यात गेले तेव्हा संसर्ग हाडापर्यंत पोहोचला होता आणि पायाचे एक बोट काढावे लागले.

अनेक वर्षांच्या मधुमेहात शरीरातील सर्वांत लांब नसा आधी क्षीण होतात, म्हणून बधिरता पावलांपासून सुरू होते. वेदना हा पायाचा पहारेकरी असतो. तो गेला की माणूस भाजलेल्या, खडा रुतलेल्या पायावरही निर्धास्त चालत राहतो आणि प्रत्येक पाऊल जखम खोल करते. त्यातच पायाचा रक्तपुरवठा मंदावलेला असेल, तर जखम भरून येत नाही.

ही बधिरता रुग्णाला स्वतःला बहुधा कळत नाही. डॉक्टर नायलॉनचा एक बारीक धागा तळव्याला टेकवून तो वाकेपर्यंत दाबतात. हा दाब १० ग्रॅमचा असतो. डोळे मिटलेल्या रुग्णाला तो स्पर्श कळला नाही, तर संरक्षक संवेदना गेली असे समजावे. ही तपासणी वर्षातून एकदा तरी करून घ्यावी.

गेलेली संवेदना रोजच्या निरीक्षणाने परत येत नाही. जे काम नसा करीत होत्या, ते डोळ्यांनी करायचे असते. रात्री चांगल्या उजेडात दोन्ही पावले पाहावीत. तळवा दिसत नसेल तर खाली आरसा ठेवावा. नजर अधू असेल तर घरातील कोणी पाहावे. बोटांच्या बेचक्या उघडून पाहाव्यात. फोड, भेग, लाली, सूज आणि घट्ट्याखालचा काळसर डाग शोधावा. असा डाग म्हणजे आत रक्त साकळल्याची खूण असू शकते. घट्टा ब्लेडने कापू नये. पाय धुण्याच्या पाण्याची ऊब कोपराने पाहावी, बेचक्या कोरड्या कराव्यात. चप्पल-बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवावा. घरातही अनवाणी वावरू नये, आणि मंदिरात दगड थंड असताना, सकाळीच जावे.

जखम, पू, काळेपणा, किंवा एकच पाऊल गरम होऊन सुजलेले दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि तोवर त्या पायावर भार देऊ नये. त्या गृहस्थांची नात आता रोज रात्री आरसा घेऊन त्यांच्यापुढे बसते. पुढच्या पावसाळ्यात टाचेवरची एक भेग तिनेच पहिल्या दिवशी पाहिली. ती आठवड्याभरात भरून आली.