बायकोचा फोन चोरून पाहिला, आता माफी कशी मागायची?

नवरा-बायकोत एकाने दुसऱ्याचा फोन चोरून पाहिला आणि ते उघडकीला आलं, की माफी बहुधा एका वाक्यात उरकली जाते: "सॉरी, चुकलं माझं, पण तूही तशीच वागत होतीस ना!" या वाक्याने भांडण मिटत नाही, उलट जास्त पेटतं. माफी मागणाऱ्याला मात्र वाटत राहतं, मी सॉरी म्हटलं, आता हिला आणखी काय हवंय?

तिला काय हवं असतं, हे समजून घ्यायला एक प्रसंग नीट उलगडून पाहू. प्रसंग कल्पित आहे, पण त्यातला तपशील अनेक घरांतला आहे. ठाण्यात राहणारं, लग्नाला पाच वर्षं झालेलं एक जोडपं. दोघंही नोकरी करतात. गेले दोन महिने ती फोन आला की गॅलरीत जाऊन बोलते, स्क्रीन उलटी ठेवते, "कोणाचा होता?" म्हटलं की "ऑफिसचा" म्हणून विषय बदलते. त्याच्या मनात पाल चुकचुकते. एका रात्री ती गाढ झोपलेली असताना तो तिचं बोट उचलून फोनच्या सेन्सरवर टेकवतो. व्हॉट्सअ‍ॅप उघडतं. ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याशी झालेलं सगळं बोलणं तो वाचतो, त्यात कामापलीकडे काही नसतं. मग तो तिच्या आईशी झालेलं बोलणं वाचतो. ती दर महिन्याला माहेरी वडिलांच्या औषधांसाठी आठ हजार रुपये पाठवते, हे त्याला तिथे पहिल्यांदा कळतं. गॅलरीतले फोन याचेच होते. त्यानंतर तो तिच्या मैत्रिणीचा मेसेजही उघडतो. मैत्रिणीचा गर्भपात झालेला असतो आणि ते तिने फक्त हिलाच सांगितलेलं असतं. शेवटी तो तिचं व्हॉट्सअ‍ॅप आपल्या लॅपटॉपला जोडून ठेवतो आणि पैशांच्या बोलण्याचा स्क्रीनशॉट काढून आपल्या बहिणीला पाठवतो.

सकाळी मैत्रिणीचा फोन येतो: "रात्री दीडला मेसेज वाचलास आणि साधं उत्तरही दिलं नाहीस?" तिने तर मेसेज पाहिलेलाच नसतो. मैत्रिणीच्या फोनवर निळ्या टिका मात्र उमटलेल्या असतात. ती काही न बोलता नवऱ्याकडे पाहते.

आता त्याला माफी मागायची आहे. कशाकशाची? 'फोन पाहिल्याची' असं म्हणून भागणार नाही, कारण त्या रात्री एकाहून जास्त गोष्टी घडल्या आहेत. झोपलेल्या माणसाचं बोट त्याच्या नकळत वापरलं गेलं. तिच्या आईने विश्वासाने लिहिलेलं वाचलं गेलं. या भांडणाशी काडीचाही संबंध नसलेल्या मैत्रिणीचं दुःख एका परक्या पुरुषाला कळलं. तिच्या माहेरची पैशांची अडचण नणंदेपर्यंत पोहोचली. आणि लॅपटॉपमुळे हे सगळं अजूनही चालूच आहे. यातली प्रत्येक गोष्ट तिला वेगळी लागणार आहे, म्हणून प्रत्येकीचा उच्चार वेगळा व्हायला हवा.

अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातले रॉय लेविकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016मध्ये माफीचे सहा घटक वेगळे करून अभ्यासले: खेद, कारण, जबाबदारीची कबुली, पुन्हा असं न करण्याचं वचन, भरपाईची तयारी आणि क्षमेची विनंती. साडेसातशेवर लोकांना विचारल्यावर सर्वांत जास्त वजन जबाबदारीच्या कबुलीला मिळालं, त्याखालोखाल भरपाईला. "मला माफ कर" ही विनंती सगळ्यांत कमी महत्त्वाची ठरली. त्यांनी लोकांपुढे ठेवलेला प्रसंग नोकरीतल्या चुकीचा होता, त्यामुळे तो घराला जसाच्या तसा लावता येत नाही. तरी आपण घरात नेमकं उलटं करतो, हे त्यावरून ध्यानात येतं. "माफ कर ना गं" हे दहादा म्हणतो आणि काय केलं ते मात्र गुळमुळीत ठेवतो.

म्हणून सुरुवात हिशेबाने करावी, आणि तो हिशेब एकदाच आणि पुरता द्यावा. या नवऱ्याने असं म्हणावं: "मंगळवारी रात्री तू झोपलेली असताना तुझं बोट लावून मी तुझा फोन उघडला. तुझ्या सहकाऱ्याशी, आईशी आणि मैत्रिणीशी झालेलं बोलणं वाचलं. मैत्रिणीबद्दल काय आहे ते मला कळलं आहे. तुझं व्हॉट्सअ‍ॅप मी माझ्या लॅपटॉपला जोडलं, आणि आईच्या मेसेजचा स्क्रीनशॉट ताईला पाठवला. हे सगळं मी केलं आणि ते चुकीचं होतं."

बोलताना लाज वाटते, म्हणून माणूस यातलं अर्धं गिळतो. पहिल्या दिवशी म्हणतो, "फक्त ऑफिसचं पाहिलं." चार दिवसांनी ताईच्या तोंडून आठ हजारांचा विषय निघतो आणि लॅपटॉपचं तर आणखी नंतर कळतं. असं तुकड्यातुकड्याने कळलं की दर वेळी जखम पहिल्यापासून उघडते, आणि आधी मागितलेली माफीही खोटी ठरते. तिच्या मनातला खरा प्रश्न असतो, "अजून काय काय माहीत आहे याला?" तो प्रश्न मिटेपर्यंत तिला फोन हातात घेतानाही स्वस्थता मिळत नाही.

कारण सांगायलाच हवं, पण त्याची जागा हिशेबानंतरची. आणि कारण स्वतःबद्दलचं असावं: "तू गॅलरीत जाऊन बोलायचीस तेव्हा मला भीती वाटायची. मी तुला सरळ विचारायला हवं होतं. उत्तर काय येईल या धास्तीने विचारलं नाही." या वाक्यांत तिचं वागणं येतं, पण दोष तिच्यावर जात नाही. "तू लपवलंस म्हणून मला बघावं लागलं" असं म्हटलं की त्याच गोष्टी आरोप होतात. ओळखण्याची खूण सोपी आहे: तुमचं बोलणं संपल्यावर समोरच्या माणसाला स्वतःचा बचाव करावासा वाटला, तर ती माफी नव्हती.

त्यानंतर निस्तरण्याचं काम येतं, आणि ते शब्दांपेक्षा हातांनी करायचं असतं. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये Linked devices हा पर्याय असतो. तिथे तिचं खातं कुठे कुठे उघडं आहे त्याची यादी दिसते. तिचा फोन तिच्याच हातात राहू द्यावा आणि तो लॅपटॉप तिनेच लॉग आउट करावा. म्हणजे आता दुसरं कोणी जोडलेलं नाही, हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. स्क्रीनशॉट गॅलरीतून काढून टाकल्यावरही काही दिवस ट्रॅशमध्ये राहतो, तो तिथूनही तिच्यासमोर काढावा. लोकेशन चालू केलं असेल किंवा स्वतःच्या बोटाचा ठसा तिच्या फोनमध्ये टाकून ठेवला असेल, तर तेही सांगून बंद करावं. पिन तिने बदलावा आणि नवा कोणता, हे विचारू नये.

बहिणीला फोन करणं सर्वांत अवघड. पण जे तिसऱ्यापर्यंत पोहोचवलं, ते आवरण्याची जबाबदारी पोहोचवणाऱ्याचीच असते. "ताई, मी तिचा फोन न विचारता उघडला होता. ते माझं चुकलं. तो फोटो डिलीट कर आणि हा विषय घरात कुठेही काढू नकोस," एवढं पुरे. मैत्रिणीच्या बाबतीत मात्र परस्पर फोन करून माफी मागू नये. तिला सांगायचं की नाही, केव्हा आणि कसं, हे बायकोने ठरवायचं, कारण ते गुपित तिच्यापाशी ठेवलेलं होतं.

इथे एक चूक भल्याभल्यांकडून होते. अपराधीपणाच्या भरात माणूस म्हणतो, "घे, हा माझा फोन, तूही बघ. आजपासून दोघांचे पासवर्ड दोघांना माहीत." ऐकायला हे मोकळेपणाचं वाटतं. पण तिने त्याच्यावर संशय घेतलेला नाही, मग त्याचा फोन बघून तिचं काय भरून निघणार? शिवाय या सौद्यातून फोन तपासणं हा घरचा नियमच होऊन बसतो. उद्या तिने पासवर्ड बदलला तर तोच संशयाचा पुरावा ठरेल.

मग त्या आठ हजारांचं काय? तिने लपवलं होतं, हे खरंच आहे, आणि त्याला त्याचं वाईट वाटणंही बरोबर आहे. पण तो विषय माफीच्या बैठकीत काढायचा नाही. काढला की माफी तिथेच संपते आणि वसुली सुरू होते. चार-आठ दिवस जाऊ द्यावेत, आणि मग वेगळं बसून विचारावं: "बाबांच्या औषधांचं मला सांगावंसं का वाटलं नाही?" तिची कमाई, तिचे आई-वडील, आणि माहेरी पैसे दिले की सासरी काय बोललं जातं याची तिला वाटणारी भीती, या सगळ्यावर तेव्हा बोलता येईल. कदाचित त्यातून त्यालाच काही ऐकावं लागेल.

फोनमध्ये खरोखरच बाहेरचं प्रकरण सापडलं तरी हाच नियम लागू राहतो. चोरून पाहिल्याची माफी आपल्या जागी मागावी, पण त्या माफीच्या आडून समोरच्याला आपलं प्रकरण झाकू देऊ नये. दोन्ही गोष्टींचा जाब स्वतंत्र असतो. 14 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका घटस्फोटाच्या प्रकरणात, पत्नीच्या नकळत पतीने ध्वनिमुद्रित केलेलं संभाषण पुरावा म्हणून घेता येईल असा निर्णय दिला. त्याच निकालात न्यायालयाने हेही म्हटलं, की पती-पत्नी एकमेकांवर पाळत ठेवू लागले असतील तर नातं आधीच मोडल्याचं ते लक्षण आहे. पुरावा चालला, म्हणजे पाळत ठेवण्याची मुभा मिळाली, असा त्याचा अर्थ होत नाही.

माफीलाही मर्यादा आहेत. एकदा घडलेल्या गोष्टीवर हा उपाय चालतो. दर पंधरा दिवसांनी फोन तपासला जातो, दर वेळी रडून माफी मागितली जाते आणि बायको कोणाशी बोलते यावर बंधनं वाढत जातात, तिथे माफी हा त्या जाचाचाच भाग झालेला असतो. अशा वेळी तिने ती स्वीकारायलाच हवी असं नाही. संशयाने झोप उडत असेल, पुरावा न सापडूनही मन निवत नसेल, तर त्याने समुपदेशकाकडे जावं, आणि आपल्या पायांनी जावं.

माफी मागून झाली की तिच्या तोंडून "ठीक आहे" वदवून घ्यायची घाई करू नका. ती काही दिवस फोन उशाखाली ठेवून झोपेल, बोलता बोलता स्क्रीन झाकेल. त्यावर "अजून विश्वास नाही का?" असं विचारू नका. आणि पुन्हा कधी मनात पाल चुकचुकली, तर रात्री दीडला फोन उघडण्यापेक्षा तिला संध्याकाळी समोर बसवून विचारा. उत्तर कसंही आलं, तरी ते तिने स्वतः दिलेलं असेल.