रांगोळी राखून तारीख पुसताना

1980 आणि 1990च्या दशकांत छोट्या कॅमेऱ्यांनी काढलेल्या फोटोंच्या उजव्या कोपऱ्यात खाली बऱ्याचदा नारिंगी आकडे दिसतात. अल्बम स्कॅन करायला घेतला की ते काढून टाकावेसे वाटतात, आणि फोटो सुधारण्याच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी हुकमी साधन असते. शेजारचा तुकडा उचलायचा आणि आकड्यांवर बसवायचा. मोकळ्या मातीवर किंवा आकाशावर हे खपून जाते. आकडे साडीच्या काठावर, पाटीवरच्या अक्षरांवर किंवा कुणाच्या हातावर आले असतील, तर मात्र तिथे जे होते ते जाते आणि कधीच नव्हते ते येते. हे नुकसान बहुतेक वेळा टाळता येते, कारण आकड्यांखालचे चित्र पूर्णपणे नष्ट झालेले नसते. ते कुठे शिल्लक राहते, हे समजण्यासाठी आकडे फिल्मवर कसे उमटत ते पाहायला हवे.

आकडे शाईचे नाहीत, प्रकाशाचे

तारीख छापणाऱ्या बहुतेक कॅमेऱ्यांत फिल्मच्या पाठीमागे, कॅमेऱ्याच्या झाकणात, एक इवलीशी दिव्यांची पट्टी असे. शटर दाबले की समोरून भिंगातून दृश्याचा प्रकाश फिल्मवर पडे आणि मागून या आकड्यांचा. दोन्ही प्रकाश एकाच जागी एकमेकांत मिसळत. चित्र असलेल्या भिंतीवर उन्हाचा कवडसा पडला तर चित्र खरवडले जात नाही, त्यावर फक्त उजेडाची भर पडते. तारखेचेही तसेच आहे. आपल्याला डाग पुसायचा नसून ही भर वजा करायची आहे.

ही भर तिन्ही रंगांत सारखी पडत नाही, आणि सगळी किल्ली तिथेच आहे. रंगीत निगेटिव्हमध्ये प्रकाशाला प्रतिसाद देणारे थर एकावर एक असतात. भिंगाच्या बाजूने पाहिले तर आधी निळ्या प्रकाशाचा थर, मग हिरव्याचा, आणि तळाशी लाल प्रकाशाचा. निळ्या आणि हिरव्या थरांच्या मध्ये निळा प्रकाश अडवणारा पिवळा गाळणथर असतो. तारखेचा प्रकाश मागून येतो, म्हणून तो आधी लाल थराला गाठतो. तिथे तो सर्वांत जास्त उमटतो, हिरव्या थरात कमी उमटतो आणि पिवळ्या गाळणीपलीकडच्या निळ्या थरापर्यंत जवळपास पोहोचतच नाही. त्यातून दिवे स्वतःही तांबडे-नारिंगी असत. भरपूर लाल आणि थोडा हिरवा एकत्र आले की आपल्याला नारिंगी दिसते.

म्हणून स्कॅन केलेल्या फोटोचे लाल, हिरवा आणि निळा असे तीन चॅनेल वेगळे करून पाहावेत. `GIMP` या मोफत सॉफ्टवेअरमध्ये `Colors → Components → Decompose` ही आज्ञा ते करते. लाल चॅनेलमध्ये आकडे पांढरेशुभ्र दिसतात आणि त्यांच्याखाली काहीच दिसत नाही. हिरव्यात ते करडे आणि अर्धपारदर्शक असतात. निळ्यात ते बहुधा इतके फिके असतात की शोधावे लागतात. एरवी आपले लक्ष या चॅनेलकडे जात नाही, कारण उजेडाच्या जाणिवेत निळ्याचा वाटा सर्वांत कमी असतो. पण तारखेखालचा तपशील तिथेच सुरक्षित असतो.

स्कॅन करतानाच काय जपायचे

निगेटिव्ह हाती असेल तर प्रिंटऐवजी तीच स्कॅन करावी. प्रिंटच्या कागदाची मर्यादा लवकर संपते आणि आकड्यांच्या जागी लाल मूल्य कमाल पातळीला टेकलेले असते. निगेटिव्ह याहून कितीतरी जास्त प्रकाश पेलते, म्हणून तिच्यात हिरव्या आणि कधीकधी लाल थरातही थोडा तपशील उरतो. धूळ आणि ओरखडे काढणारी इन्फ्रारेडची सोय इथे उपयोगाची नाही. फिल्ममधले रंग इन्फ्रारेडला पारदर्शक असतात, आणि तारीखही त्याच रंगांनी बनलेली असते.

फाइल 16 बिटची टिफ असावी, जेपेग नसावी. जेपेग उजेडाचा तपशील नीट ठेवते, पण रंगाची माहिती बहुधा निम्म्याच बारकाव्याने साठवते आणि चित्राचे 8 × 8 पिक्सेलचे चौकोन करून दाबते. त्यामुळे आकड्यांचा प्रभाव शेजारच्या पिक्सेलांत सांडतो आणि स्वच्छ असलेला निळा चॅनेलही मळतो. जुन्या सीडीवर जेपेग असेल आणि घरात निगेटिव्हही असेल, तर पुन्हा स्कॅन करण्याचे श्रम सार्थकी लागतात.

अंगणातली रांगोळी

आमच्या अल्बममधल्या दिवाळीच्या एका फोटोत सारवलेल्या अंगणातली ठिपक्यांची रांगोळी आहे आणि तिच्या कोपऱ्यावर '96 11 10 हे आकडे आले आहेत. 96 पांढऱ्या रेषांवर आहे, 11 मोकळ्या जमिनीवर, आणि 10 गुलाबी रंग भरलेल्या पाकळीवर. शेजारचा तुकडा आणून बसवला तर ठिपक्यांची मांडणी मोडणार हे उघड होते.

आधी आकड्यांपासून दूर, रांगोळीच्या स्वच्छ भागात रंग मोजले. मोजणी 0 ते 255 या पट्टीवर. जमीन लाल 110, हिरवा 93, निळा 70 अशी भरली, आणि पांढरी रांगोळी लाल 222, हिरवा 219, निळा 210 अशी. रांगोळीची रेघ जिथे विरळ आहे तिथे जमीन आणि पूड यांचे मिश्रण दिसते, म्हणून तिथले आकडेही या दोन टोकांच्या मधे पडतात. म्हणजे या भागात निळ्याचे मूल्य कळले की लाल आणि हिरव्याचे काढता येते. निळ्याला 0.8ने गुणून 54 मिळवले की लाल मिळतो. निळ्याला 0.9ने गुणून 30 मिळवले की हिरवा मिळतो. एखाद्या पुसट ठिपक्यात निळा 140 असेल, तर लाल 166 आणि हिरवा 156.

हा नियम तारखेवर लावण्याआधी तो खरा आहे का हे तपासता येते, आणि माझ्या मते सगळ्या कामातली ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. रांगोळीच्या ज्या भागावर तारीख नाही तिथे निळ्यावरून लाल काढावा आणि त्या जागच्या खऱ्या लालशी ताडून पाहावा. फरक फिल्मच्या दाण्याइतकाच असेल तर नियम भरवशाचा. फरकात एखाद्या वस्तूचा आकार दिसू लागला तर तिचा रंग वेगळा आहे आणि तिला वेगळा नियम हवा. गुलाबी पाकळीने नेमके हेच दाखवले. तिथे लाल 205 आणि निळा 120 होता. जमिनीचा नियम लावला असता तर लाल 150 आला असता आणि पाकळीवर करडा शून्य उमटला असता. म्हणून 10च्या खाली पाकळीचा गडद आणि फिका भाग मोजून स्वतंत्र नियम बसवला.

मग नियम कुठे लावायचा ती जागा आखायची, म्हणजे मास्क. लालमधून निळा वजा केला तर स्वच्छ जमिनीवर 40 उरतात, पाकळीवर 85, आणि जमिनीवरच्या आकड्यांत 170च्या आसपास. 100च्या वरचे पिक्सेल निवडले की आकडे बहुतांशी हाती येतात. पांढऱ्या रेषेवर मात्र हा फरक फारच थोडा असतो, कारण तिथे लाल आधीच भरलेला असल्याने तारखेला भर घालायला जागा उरलेली नसते. तो भाग हाताने जोडावा लागतो. आकडे सरळ दांड्यांचे असल्याने ते सोपे जाते. शिवाय प्रकाश फिल्ममध्ये थोडा पसरतो, म्हणून आकड्याभोवती तांबूस वलय असते. मास्क काही पिक्सेलांनी फुगवून त्याची कड मऊ केली नाही, तर आकडा जातो आणि त्याची बाह्यरेषा उरते.

निळ्या चॅनेलमध्येही आकड्यांची फिकी खूण होती. जमीन 70ऐवजी 78 भरत होती. मास्कच्या आत `Curves` वापरून ती आधी उतरवली. मग निळ्या थराची प्रत लाल थरावर ठेवली, मास्क लावला आणि `Curves`मध्ये 70चे 110 आणि 210चे 222 केले. हिरव्याचेही त्याच पद्धतीने. शेवटी थर एकत्र करून `Recompose`.

चूक कशी ओळखायची

काम झाल्यावर चित्रातल्या रंगांची तीव्रता तात्पुरती कमाल करून पाहावी. साध्या नजरेला न दिसणारा आकडा उरला असेल तर तो लगेच तांबूस किंवा हिरवट होऊन वर येतो. दुसरी खूण दाण्यात दिसते. मूळ फोटोत तिन्ही थरांचा दाणा वेगवेगळा असतो, तर दुरुस्त जागी तिन्हींत निळ्याचाच दाणा येतो. त्यामुळे ती जागा अधिक खरखरीत पण रंगाने सपाट दिसते. प्रत केलेला थर अगदी किंचित धूसर करून त्यात थोडा स्वतंत्र दाणा मिसळला की ती आजूबाजूत मिसळते.

या पद्धतीची मर्यादाही निळ्यातच आहे. झेंडूच्या फुलात, लाल शालूत किंवा काळ्याभोर केसांत निळ्याचे मूल्य शून्याजवळ असते, आणि जिथे निळ्याने काही टिपलेच नाही तिथून काही काढता येत नाही. झेंडू आणि शालूच्या बाबतीत हिरवा चॅनेल मदतीला येतो. आकडा असलेल्या आणि नसलेल्या भागांची सरासरी सारखी होईपर्यंत तो उतरवायचा, म्हणजे पाकळ्यांची घडी टिकते. काळ्या केसांत मात्र शेजारचा तुकडा आणण्यावाचून गत्यंतर नसते, आणि तिथे दिसतो तो तपशील आपण घातलेला असतो हे लक्षात ठेवावे.

मूळ स्कॅन तसाच जपावा आणि तारीख काढलेल्या फाइलच्या माहितीत, `DateTimeOriginal` या रकान्यात, ती लिहून ठेवावी. त्याआधी ती पडताळावी. बॅटरी बदलली की या कॅमेऱ्यांची तारीख चुकत असे, आणि कॅमेऱ्याच्या मांडणीप्रमाणे दिवस आधी की महिना आधी हेही बदलत असे. 1996मध्ये लक्ष्मीपूजन 10 नोव्हेंबरला होते, म्हणून आमच्या फोटोतली तारीख बरोबर आहे एवढे खात्रीने लिहिता आले.