टीबी गेला, मग कफ का पडतो?

पाथर्डी तालुक्यातील एका ऊसतोड महिलेचे उदाहरण घेऊ. वय चव्वेचाळीस. वीस वर्षांपूर्वी तिला फुफ्फुसाचा क्षय झाला होता. सहा महिन्यांची औषधे तिने एकही दिवस न चुकवता घेतली आणि ती बरी झाली. खोकला मात्र गेला नाही. रोज सकाळी उठल्यावर अर्धी वाटी पिवळसर कफ पडतो. दिवाळीनंतर टोळीबरोबर कारखान्यावर गेले की दोनेक महिन्यांत तो हिरवा आणि घट्ट होतो, अंगात कणकण येते, मोळी उचलताना धाप लागते. जवळच्या दवाखान्यातून तीन दिवसांच्या गोळ्या घेतल्या की थोडे बरे वाटते आणि महिन्याभरात पुन्हा तेच. एकदा तर एक्स-रेवर डाग दिसला म्हणून थुंकी न तपासताच टीबीची औषधे पुन्हा सुरू झाली. त्यांचा काही उपयोग झाला नाही, कारण तो डाग जुन्या जखमेचा व्रण होता.

या आजाराचे नाव ब्रॉन्किएक्टेसिस. फ्रेंच वैद्य लेनेक यांनी १८१९ मध्ये त्याचे वर्णन केले. भारतात तो समजून घ्यायचा तर सुरुवात क्षयापासूनच करावी लागते. २०१५ ते २०१७ या काळात देशातील ३१ केंद्रांमध्ये या आजाराच्या २,१९५ रुग्णांची नोंद करण्यात आली. त्यात सर्वाधिक आढळलेले कारण क्षय होते, सुमारे एक तृतीयांश रुग्णांमध्ये. इतरांमध्ये लहानपणचा न्यूमोनिया, डांग्या खोकला, प्रतिकारशक्तीतील कमतरता किंवा बुरशीची ॲलर्जी अशी कारणे सापडतात. त्यामुळे आजार नवा कळला की कारणही एकदा शोधावे लागते.

रुंद झालेली चारी

मुळा-प्रवरेच्या पाण्यावर शेती करणाऱ्यांना हा बिघाड लगेच समजेल. चारीचा काठ ढासळून ती एखाद्या जागी रुंद झाली की तिथे पाणी मंदावते आणि गाळ बसतो. क्षयाच्या जंतूंनी श्वासनलिकेची भिंत पोखरली की नलिका अशीच कायमची रुंद होते. नलिकेच्या आतल्या बाजूला सूक्ष्म केस असतात आणि ते चिकट स्राव वर ढकलत राहतात. भिंतीबरोबर हे केसही नष्ट होतात. मग कफ तिथेच साचतो, साचलेल्या कफात जंतू वाढतात, जंतूंमुळे सूज येते आणि सुजेमुळे भिंत आणखी ढासळते. हे चक्र कुठेतरी तोडावे लागते. रुंद झालेली नलिका औषधाने पुन्हा अरुंद होत नाही, पण साचलेला गाळ रोज काढता येतो.

छातीच्या एचआरसीटी तपासणीत या महिलेच्या डाव्या फुफ्फुसाचा खालचा भाग असा बिघडलेला दिसला. थुंकीत क्षयाचे जंतू नव्हते. फिजिओथेरपिस्ट तिला म्हणाल्या, “मावशी, टीबी गेलाय. आता कफ रोज दोनदा बाहेर काढायचा. दात घासतो तितकं ते नेमाचं करायचं.”

कफ काढण्याची रीत

बहुतेक रुग्ण कफ काढण्यासाठी जोर लावून खोकत राहतात. त्याने दमायला होते आणि फायदा कमी होतो. जोरदार खोकल्याच्या दाबाने आधीच कमकुवत झालेल्या नलिका मिटतात आणि कफ त्यांच्या मागे अडकून राहतो. म्हणून आधी हवा कफाच्या मागे पोहोचवायची आणि मग तिच्या रेट्याने कफ वर आणायचा. यासाठी श्वासाचे एक आवर्तन शिकवले जाते. त्याला यंत्र लागत नाही.

पहिली पायरी, शांत श्वास. खांदे सैल सोडून, पोटावर हात ठेवून अर्धा ते एक मिनिट सावकाश श्वास घ्यायचा. दुसरी पायरी, खोल श्वास. नाकाने छाती भरून श्वास घ्यायचा, दोन-तीन सेकंद धरायचा आणि जोर न लावता सोडायचा. असे तीन-चार श्वास झाले की पुन्हा शांत श्वास. तिसरी पायरी म्हणजे हफ. तोंड मोठे उघडून, घसा मोकळा ठेवून, आरशावर वाफ धरावी तसा ‘हाऽऽ’ असा श्वास सोडायचा. फुंकणीने चूल फुंकतो तसे ओठ आवळायचे नाहीत, कारण हवा घशातून मोकळी सुटली पाहिजे. कफ खोलवर असेल तर मध्यम श्वास घेऊन लांब हफ करायचा. कफ वर आल्याचे जाणवले की मोठा श्वास घेऊन छोटा, जोरकस हफ करायचा आणि मग एकदाच खोकून कफ थुंकायचा. त्यानंतर पुन्हा शांत श्वास. तो टाळून हफवर हफ केले तर छाती आवळते आणि घरघर सुरू होते.

हे आवर्तन दहा ते वीस मिनिटे चालते. कधी थांबायचे, हे कानाने कळते. हफ करताना छातीत खळखळ ऐकू येत असेल तर कफ अजून आहे. लागोपाठ दोन हफ कोरडे गेले की त्या वेळेचे काम झाले. पूर्ण थकेपर्यंत करत राहण्यात अर्थ नाही.

बसायचे की झोपायचे, हे बिघाड कुठे आहे त्यावर ठरते. क्षयानंतरचा बिघाड पुष्कळदा फुफ्फुसाच्या वरच्या भागात असतो आणि तिथला कफ ताठ बसल्यावर आपोआप खाली उतरतो. या महिलेचा बिघाड डावीकडे खाली आहे. म्हणून तिने उजव्या कुशीवर, म्हणजे बिघडलेली बाजू वर ठेवून झोपायचे आणि त्याच स्थितीत आवर्तने करायची. डोके खाली, पाय वर अशी स्थिती आम्लपित्त, उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी सांगितल्याशिवाय घेऊ नये. जेवणानंतर किमान दीड-दोन तास हे करायचे नाही. श्वासनलिका उघडणारा पंप दिलेला असेल तर तो आधी घ्यायचा. मिठाच्या तीव्र पाण्याची वाफ नेब्युलायझरने काहींना सुचवली जाते. तिचा पहिला डोस दवाखान्यातच घ्यावा, कारण काहींची छाती त्याने आवळते.

ऊसतोडीच्या दिवसांत हे कसे जमायचे, हा खरा प्रश्न होता. पहाटे चारला फड गाठायचा असतो. शेवटी असे ठरले, की सकाळचे आवर्तन उठल्या उठल्या, चहाच्या आधी करायचे आणि संध्याकाळचे कोपीवर परतल्यावर, स्वयंपाकाच्या आधी. चूल कोपीच्या बाहेर मांडायची. पाचट पेटवताना वाऱ्याच्या उलट बाजूला थांबायचे, कारण धुराने सूज वाढते. तोंडाला बांधलेला पदर धुळीला थोडा अडवतो, धुराला नाही.

भडका कसा ओळखायचा

या रुग्णांना रोजच थोडा कफ असतो, म्हणून केवळ कफ पडतो हे भडक्याचे लक्षण नव्हे. स्वतःचा नेहमीचा कफ किती आणि कोणत्या रंगाचा, हे आधी माहीत असावे लागते. एका पारदर्शक डबीवर खुणा करून आठवडाभर सकाळचा कफ मोजला की ते कळते. मग खोकला वाढणे, कफ वाढणे किंवा घट्ट होणे, रंग गडद होणे, धाप वाढणे, गळून जाणे आणि कफात रक्त येणे, यांपैकी तीन किंवा अधिक बदल ४८ तासांपेक्षा जास्त टिकले तर तो भडका समजून डॉक्टरांकडे जायचे.

तिथे क्रम महत्त्वाचा असतो. अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी सकाळचा कफ स्वच्छ डबीत घेऊन तपासणीला द्यायचा. गोळ्या सुरू झाल्यावर दिलेल्या नमुन्यात जंतू वाढत नाहीत आणि कोणते औषध चालेल हे कळत नाही. अहवाल येईपर्यंत औषध मात्र अडवून ठेवायचे नाही. आधीच्या अहवालानुसार ते सुरू होते आणि गरज पडली तर नंतर बदलते. साधारणपणे ते १४ दिवस दिले जाते. तीन दिवसांत बरे वाटले म्हणून सोडले की उरलेले जंतू पुन्हा वाढतात. या महिलेचे नेमके हेच होत होते. भडक्याच्या दिवसांत कफ काढण्याच्या वेळाही दोनऐवजी तीन-चार कराव्या लागतात.

त्याच नमुन्यात क्षयाची तपासणीही होते, कारण जुना क्षय उलटूही शकतो. इथे एक बारकावा आहे. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या तपासण्या जंतूंचा जनुकीय अंश शोधतात आणि अलीकडेच उपचार झालेल्या रुग्णात मेलेल्या जंतूंचा अंशही सापडू शकतो. अशा वेळी जंतू जिवंत आहेत का, हे कल्चरवरून ठरवतात. केवळ एक्स-रेच्या डागावरून टीबीची औषधे पुन्हा सुरू करू नयेत.

कफात रक्ताची रेघ दिसली तर कफ काढण्याचे व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवायचे. चमचा-दोन चमचे किंवा त्याहून जास्त लाल रक्त आले तर ताबडतोब रुग्णालय गाठायचे. तोवर कुशीवर झोपायचे, पण आता उलट, म्हणजे बिघडलेली बाजू खाली ठेवून. कफ काढताना ती बाजू वर असते आणि रक्त येताना खाली, म्हणजे रक्त चांगल्या फुफ्फुसात उतरत नाही. हा फरक घरच्यांनाही ठाऊक असावा. बसल्या जागी धाप लागणे, ओठ निळे पडणे किंवा गुंगी येणे यांतही घरी थांबायचे नाही.

वर्षात तीन किंवा अधिक भडके येत असतील तर अझिथ्रोमायसिन आठवड्यातून तीनदा, काही महिने देण्याचा पर्याय आहे. न्यूझीलंडमध्ये झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा महिन्यांच्या अशा उपचाराने भडके कमी झाले. पण त्याआधी थुंकीत क्षयाचे किंवा क्षयासारखे दुसरे जंतू नाहीत ना, हे पाहावे लागते, कारण एकट्या अझिथ्रोमायसिनने ते जंतू औषधाला दाद देईनासे होतात. हृदयाचा आलेख काढावा लागतो आणि ऐकण्यावर परिणाम होतो का, हेही पाहावे लागते. दुकानातून आणून मनाने सुरू करायचे हे औषध नव्हे. फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोनियाची लस सल्ल्याने घ्यायची.

टोळी निघण्याच्या आधी या महिलेच्या पिशवीत एक कार्ड ठेवले गेले. त्यावर जुन्या क्षयाच्या उपचाराचे वर्ष, शेवटच्या थुंकी तपासणीचा निकाल, नेहमीच्या कफाचे माप आणि ‘डावे फुफ्फुस, खालचा भाग’ एवढेच लिहिले आहे. कारखाना कुठलाही असो, तिथल्या डॉक्टरांना ते वाचून पहिली गोळी देण्याआधी थुंकीची डबी देता येईल.