पंधरा शब्दांत भिडूला सांगायचं

मेंढीकोट खेळताना भिडूला डोळा मारून खुणावण्याची चोरटी चाल आपण सगळ्यांनीच केलेली असते. ब्रिजमध्ये खुणावायचं असतं ते उघडपणे, आणि त्यासाठी शब्द मिळतात फक्त पंधरा: एक ते सात आकडे, किलवर, चौकट, बदाम, इस्पिक आणि नो ट्रम्प म्हणजे बिनहुकुमी, शिवाय पास, डबल आणि रिडबल.

‘एक बदाम’ म्हणजे बदाम हुकूम धरून सात हात करू. बोलीतल्या आकड्यात सहा मिळवायचे. पुढच्याने चढी बोली द्यायची किंवा पास म्हणायचं. आकडा तोच असेल तर किलवर सगळ्यांत खाली आणि नो ट्रम्प सगळ्यांत वर. एखाद्या बोलीनंतर लागोपाठ तीन पास झाले की तीच बोली करार ठरते. पण सुरुवातीची बोली म्हणजे खरं तर भिडूला दिलेली बातमीच.

ती मोजायची गुणांत. एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक. सगळ्या पत्त्यांत मिळून ४०. समजा, तुमच्याकडे इस्पिक राजा-गुलाम-सत्ती, बदाम एक्का-राणी-पंजी, चौकट राजा-दश्शी-अठ्ठी-चौकी आणि किलवर राणी-गुलाम-छक्की आहे. गुण १६, आणि चारही रंगांत पानं सारखी वाटलेली. बहुतेक जोड्या इथे ‘एक नो ट्रम्प’ म्हणतात, कारण त्यांच्यात त्याचा अर्थ ठरलेला असतो: १५ ते १७ गुण, समतोल पानं. हा अर्थ प्रतिस्पर्ध्यांपासून लपवता येत नाही; त्यांनी विचारलं तर सांगावाच लागतो.

आता हिशेब भिडूचा. त्याच्याकडे दहा गुण आणि तीही समतोल पानं असतील, तर दोघांचे मिळून किमान २५ झाले. ‘तीन नो ट्रम्प’चे नऊ हात करायला साधारण तेवढे लागतात. नो ट्रम्पमध्ये पहिल्या हाताला ४०, पुढच्या प्रत्येकाला ३० असे १०० गुण होतात, आणि १०० ला ‘गेम’चं मोठं बक्षीस आहे. म्हणून तो थेट ‘तीन नो ट्रम्प’ म्हणतो. त्याच्याकडे पाच-सहाच असते तर तो पास म्हणाला असता. आठ-नऊ असते तर ‘दोन नो ट्रम्प’, म्हणजे ‘सतरा असतील तर चढ, पंधरा असतील तर थांब.’ सोळाला मात्र दश्श्या-नव्व्या बघून ठरवायचं.

‘एक बदाम’ इतकं नेमकं बोलत नाही. त्यात १२ गुणही असू शकतात आणि २० सुद्धा; बहुतेक पद्धतींत बदाम निदान पाच, एवढंच नक्की. म्हणून तिथे दोघांना आणखी बोलावं लागतं.

नवखा खेळाडू चुकतो तो भिडूने ‘तीन नो ट्रम्प’ म्हटल्यावर. आपले सोळा गुण चांगले वाटतात आणि तो ‘चार’ म्हणून बसतो. पण ते सोळा भिडूने आधीच धरलेले आहेत. तेव्हा पास म्हणा.