फोटो उडवले, तरी फोन भरलेलाच

समजा, फोन ६४ जीबीचा आहे आणि जागा संपत आल्याची सूचना रोज डोकं वर काढते. वैतागून लग्नाचे आठशे फोटो उडवले. एक फोटो तीन एमबीचा धरला, तर जवळपास अडीच जीबी मोकळे व्हायला हवेत. आकडा मात्र जागचा हलत नाही.

आधी ट्रॅश बघा. गुगल फोटोजमधून काढलेला फोटो तिथे जाऊन पडतो. बॅकअप घेतलेला असेल तर ६० दिवस, नसेल तर ३० दिवस. तो रिकामा केल्याशिवाय फोनमधली जागा सहसा सुटत नाही.

ट्रॅश रिकामा करूनही फोन भरलेलाच असेल, तर व्हॉट्सअ‍ॅपकडे वळावं. तेच लग्नाचे फोटो नातेवाइकांना पाठवले, तेव्हा प्रत्येकाची एक लहान केलेली प्रत ‘Sent’ नावाच्या फोल्डरमध्ये पडली. हा फोल्डर गॅलरीत दिसतच नाही. मूळ फोटो पुसला तरी ही प्रत शाबूत राहते. फोटोंच्या प्रती तशा हलक्याच; जागा खातात ते व्हिडिओ.

खरा हिशोब सेटिंग्जमध्ये सापडतो. Apps मध्ये जाऊन एखादं अ‍ॅप उघडा आणि ‘Storage & cache’ बघा (काही फोनमध्ये नुसतं ‘Storage’ असतं). तिथे साधारण तीन आकडे दिसतात: खुद्द अ‍ॅप, त्याचा डेटा आणि कॅश. कॅश म्हणजे पुन्हा लवकर दाखवता यावं म्हणून अ‍ॅपनं जवळ ठेवलेली तात्पुरती चित्रं आणि तुकडे. ‘Clear cache’ दाबलं तर एरवी काही बिघडत नाही, फक्त पुढच्या वेळी अ‍ॅप जरा सावकाश उघडतं. पण वापर चालू राहिला की कॅश पुन्हा साठते. जागा फारच कमी पडली, तर अँड्रॉइड स्वतःच कॅश पुसतं. त्यामुळे ‘फोन स्वच्छ करा’ म्हणणाऱ्या अ‍ॅप्सची, माझ्या मते, गरज नाही. उलट तेही अ‍ॅप जागा घेतंच.

जास्त भार बहुधा डेटाचा असतो. ऑफलाइन बघण्यासाठी उतरवलेले सिनेमे, नकाशे, गाणी हे सगळं त्यात येतं आणि गॅलरीला त्याचा पत्ता नसतो. ते त्या-त्या अ‍ॅपच्या डाउनलोड्समधूनच काढावं. शेजारचं ‘Clear storage’ (जुन्या फोनवर ‘Clear data’) मात्र घाईनं दाबू नका. त्यानं अ‍ॅप नव्यासारखं कोरं होतं: लॉगिन जातं, सेटिंग्ज जातात. व्हॉट्सअ‍ॅपवर हे केलं, तर बॅकअपमध्ये नसलेले संदेश परत मिळत नाहीत.

व्हॉट्सअ‍ॅपसाठी त्याच्याच सेटिंग्जमधलं ‘Storage and data’ आणि त्यातलं ‘Manage storage’ वापरा. तिथे पाच एमबीहून मोठ्या फाइल्स वेगळ्या काढलेल्या असतात, खाली प्रत्येक चॅटनं किती जागा घेतली तेही दिसतं. सोसायटीच्या ग्रुपमधले सुप्रभातचे व्हिडिओ निवडून तिथूनच पुसता येतात.